शेजारच्या फ्लॅटवरून आपलं भाडं कसं काढायचं: कोथरूडच्या एका टू बीएचकेचा हिशेब

माझ्या आत्याचा कोथरूडला, पौड रस्त्यावरून आत वळलं की पाच-सात मिनिटांवर, एक टू बीएचके आहे. नव्वदच्या दशकातली तीन मजली इमारत, लिफ्ट नाही, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. चार वर्षं राहिलेलं कुटुंब स्वतःच्या घरात गेलं आणि फ्लॅट रिकामा झाला. आत्याच्या डोक्यात दोन आकडे होते. जुने भाडेकरू देत होते ते १९ हजार, आणि मागच्या गल्लीतल्या एका फ्लॅटच्या जाहिरातीत वाचलेले २८ हजार. "आपण २७ म्हणू या, एक हजाराने कमीच," ती म्हणाली.

हे दोन्ही आकडे सुरुवातीलाच बाजूला ठेवायचे. चार वर्षांपूर्वी ठरलेलं आणि दर वर्षी थोडंथोडं वाढवलेलं भाडं आजच्या बाजाराबद्दल काही सांगत नाही. चांगलं कुटुंब टिकावं म्हणून मालक अशा वेळी हात आखडता घेतो, आणि ते बरोबरच असतं. जाहिरातीतला आकडा तर नुसती मागणी असते. तेवढे पैसे कोणी दिलेले नसतात. आपल्याला हवा असतो तो नव्या भाडेकरूने गेल्या काही महिन्यांत खरोखर कबूल केलेला आकडा. तो मिळवून आपल्या फ्लॅटला लागू कसा करायचा, ते या हिशेबातून दाखवतो. यातले रुपये समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत. तुमच्या गल्लीतले आकडे तुम्हालाच गोळा करावे लागतील.

आधी आपलाच फ्लॅट नीट बघा

टेप घेऊन खोल्या मोजा. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण पुढची सगळी तुलना त्यावर उभी राहते. रेराखालच्या प्रकल्पांत आता कार्पेट एरिया, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागाच सांगावी लागते, पण जुन्या इमारतींच्या कागदांवर बिल्टअप किंवा सुपर बिल्टअप लिहिलेलं असतं आणि मालक जाहिरातीत तोच मोठा आकडा टाकतात. सुपर बिल्टअपचं कार्पेट काढलं तर बऱ्याचदा पाऊणपट किंवा त्याहूनही कमी भरतं. म्हणजे '८५० स्क्वेअर फूट' लिहिलेला फ्लॅट आत्याच्या ६५० कार्पेटएवढाच निघू शकतो.

मग भाडेकरू म्हणून जिना चढून या आणि जे दिसेल ते लिहा. आत्याच्या बाबतीत असं लिहिलं: तिसरा मजला, वर थेट गच्ची. दोन्ही बेडरूममध्ये भिंतीतली कपाटं, स्वयंपाकघरात ट्रॉल्या, पंखे, ट्यूबलाइट, एक गीझर. म्हणजे बाजाराच्या भाषेत सेमी-फर्निश्ड. एका कारचं झाकलेलं पार्किंग. जनरेटर नाही, वॉचमन फक्त रात्री. मेट्रोचं आयडियल कॉलनी स्टेशन चालत आठ मिनिटं. शेवटी एक ओळ वेगळी लिहिली: उन्हाळ्यात स्लॅब तापतो. ती लिहायला आत्या तयार नव्हती. पण एप्रिलमध्ये फ्लॅट बघायला येणारा माणूस दुपारी दोन मिनिटं उभा राहिला की त्याला ते कळतंच, आणि आपण ते हिशेबात धरलेलं नसलं तर भाव करताना तो ते काढतो.

तुलनेला कोण चालेल

'कोथरूड' हा शब्द जाहिरातींत फार ताणला जातो. वारजे, बावधनच्या कडेची घरंही त्यात येतात. तुलनेसाठी चालत दहा मिनिटांच्या आतलीच घरं घ्या, आणि शक्यतो मोठ्या रस्त्याच्या आपल्याच बाजूची. टू बीएचकेला टू बीएचकेच लावा. तीन-चार जवळचे फ्लॅट पुरतात. लांबचे पंधरा गोळा केले तर हिशेब भारदस्त दिसतो, पण उत्तर बिघडतं.

ठरलेलं भाडं कळण्याच्या तीन वाटा आहेत. पहिली, सोसायटीचे सेक्रेटरी. कराराची प्रत बहुतेक ठिकाणी त्यांच्याकडे दिलेली असते, आणि आपण सभासद म्हणून सरळ विचारलं तर नाव न सांगता आकडा सांगतात. दुसरी, नोंदणी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. त्यामुळे नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर नोंदलेल्या दस्तांची जी सूची क्रमांक २ शोधता येते तिच्यात असे करारही येतात. तिथे आपल्याच इमारतीतला ताजा करार सापडला तर त्याच्याइतका पक्का पुरावा दुसरा नाही. तिसरी वाट म्हणजे वॉचमन आणि गल्लीतला एजंट. यांना भाड्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारायचाच: फ्लॅट किती दिवस रिकामा होता? चार दिवसांत गेलेला फ्लॅट बहुधा स्वस्तात गेलेला असतो, आणि दोन महिने पडून राहिलेल्याची मागणी कुठेतरी खाली आलेली असते.

एजंटचा आकडा ऐकताना एवढं लक्षात ठेवा की त्याला बहुतेक वेळा एका महिन्याचं भाडं दलाली मिळते. फ्लॅट लवकर जाण्यात त्याचा फायदा असतो, तर मालकाचं काम मिळवण्यासाठी सुरुवातीला आकडा फुगवून सांगण्याचा मोहही असतो. म्हणून 'किती मिळेल' असं विचारू नका. 'गेल्या तीन महिन्यांत या गल्लीत तुम्ही कुठले टू बीएचके दिले आणि कितीला' असं विचारा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पडताळून बघता येतं.

आत्यासाठी आम्हाला तीन ठरलेले व्यवहार मिळाले.

पहिला शेजारच्या सोसायटीतला. तशीच जुनी इमारत, लिफ्ट नाही, पहिला मजला, ६४० कार्पेट, सेमी-फर्निश्ड, कार पार्किंग. गेल्याच महिन्यात २५ हजारांना गेला.

दुसरा आत्याच्याच इमारतीतला. तिसरा मजला, हुबेहूब तीच रचना, पण आत पंख्यांपलीकडे काहीच नाही आणि पार्किंग फक्त दुचाकीचं. चार महिन्यांपूर्वी २० हजार.

तिसरा दोन गल्ल्या सोडून, दहा-बारा वर्षांच्या इमारतीत. चौथा मजला, लिफ्ट, जनरेटर, दिवसरात्र वॉचमन, छोटी जिम, ७०० कार्पेट, सेमी-फर्निश्ड, कार पार्किंग. २८ हजार.

आणि आत्याने वाचलेली ती २८ हजारांची जाहिरात? फ्लॅट फुल्ली फर्निश्ड, दुसरा मजला, लिफ्ट नाही. वॉचमनने सांगितलं की सहा आठवडे कुलूप आहे. ती आम्ही व्यवहारांत धरली नाही. पण एक गोष्ट तिने सांगितली: सोफा-फ्रिजसकटसुद्धा या गल्लीत लिफ्टशिवाय २८ मिळत नाहीत.

मजला-फर्निचरच्या आधी सगळे आकडे एका मापात

तिसऱ्या फ्लॅटचे २८ हजार आणि पहिल्याचे २५ हजार हे सरळ शेजारी ठेवता येत नाहीत, कारण तिसऱ्यात सोसायटीचा दोन हजार मेंटेनन्स भाडेकरू वेगळा भरतो आणि पहिल्या दोघांत तो भाड्यातच आहे. भाडेकरूच्या खिशातून महिन्याला एकूण किती जातात, तो खरा आकडा. म्हणजे तिसरा फ्लॅट ३० हजारांचा. ही एक गोष्ट विचारायची राहिली तर पुढे कितीही बारीक हिशेब केला तरी तो दोन हजारांनी चुकलेलाच राहतो.

अनामतीचंही तसंच. कोणी नेहमीपेक्षा लाखभर जास्त अनामत घेऊन भाडं कमी लावलं असेल तर त्या जादा लाखावरचं बँकेचं व्याज मालकाला मिळतंच. सहा टक्क्यांनी वर्षाचे सहा हजार, महिन्याचे पाचशे. तेवढे त्या भाड्यात मिळवायचे. आमच्या तिन्ही व्यवहारांत अनामत दोन-तीन महिन्यांच्या भाड्याएवढीच होती, म्हणून हे करावं लागलं नाही.

फरकाची दिशा

नवखा माणूस इथे हमखास चुकतो, म्हणून थोडं थांबून बघू. आपण नेहमी शेजारच्या फ्लॅटचा आकडा बदलतो, आपला नाही, कारण आपला आकडा अजून माहीतच नाही. शेजारच्या फ्लॅटबद्दल स्वतःला विचारायचं: 'हा आपल्या फ्लॅटसारखा असता तर कितीला गेला असता?' त्याच्याकडे काही जास्त चांगलं असेल तर त्याच्या भाड्यातून वजा. त्याच्याकडे काही कमी असेल तर त्याच्या भाड्यात मिळवायचं. पहिला फ्लॅट पहिल्या मजल्यावर आहे, ही त्याची चांगली बाजू, म्हणून त्याच्या २५ हजारांतून वजाबाकी. 'आपला तिसरा मजला म्हणजे वर, म्हणजे मिळवा' असं घाईत केलं की फरक दुप्पट होऊन उलट्या बाजूला पडतो.

दुसरा प्रश्न, फरक किती रुपयांचा? तो मनाने ठरवायचा नाही. जिथे दोन फ्लॅट एका गोष्टीत वेगळे आणि बाकी सगळ्यात सारखे असतील अशी जोडी शोधायची. तिच्या भाड्यांतला फरक हीच त्या गोष्टीची किंमत.

मजला आणि लिफ्ट

शेजारच्या सोसायटीत सेक्रेटरींनी अशी जोडी दिली. एकाच जिन्यावरचे, सारखेच सेमी-फर्निश्ड दोन फ्लॅट, एक पहिल्या मजल्यावर आणि एक तिसऱ्यावर, एकाच वर्षात दिलेले. फरक १,५०० रुपये. म्हणजे लिफ्ट नसलेल्या इमारतीत दोन मजले जास्त चढण्याची या गल्लीतली किंमत दीड हजार. ज्येष्ठ नागरिक किंवा लहान बाळाचं कुटुंब तिसऱ्या मजल्याकडे बघतच नाही. त्यामुळे बघायला येणारेच कमी असतात आणि म्हणून भाव पडतो.

लिफ्ट असलेल्या इमारतीत मात्र हाच नियम उलटा फिरतो. तिथे वरचा मजला म्हणजे वारा, उजेड, कमी डास आणि रस्त्याचा कमी आवाज. म्हणून थोडं जास्तच मिळतं, फक्त गच्चीखालचा मजला सोडून. मजल्याचा फरक हा असा लिफ्टला बांधलेला आहे, आणि त्यातूनच दुहेरी मोजणीची चूक होते. तिसऱ्या फ्लॅटची आत्याच्या फ्लॅटशी तुलना करताना 'लिफ्टचे दोन हजार वजा, शिवाय मजल्याचे दीड हजार वजा' असं केलं तर एकच त्रास दोनदा मोजला. लिफ्टचा उपयोगच मुळी जिना न चढण्याचा. म्हणून आम्ही लिफ्ट आणि मजला मिळून एकच ओळ धरली: दीड हजार.

फर्निचर

आत्याचा प्रश्न साहजिक होता. "ट्रॉल्यांना आणि कपाटांना मी अडीच लाख घातलेत, त्याचं काही धरायचं की नाही?" धरायचं, पण खर्चावरून नाही. भाडेकरू आपल्या खर्चाचे पैसे देत नाही. स्वतःचा जो खर्च आणि त्रास वाचतो त्याचे देतो. कपाटं आणि ट्रॉल्या हलवता येत नाहीत, भाडेकरू त्या बरोबर आणू शकत नाही, म्हणून त्यांना किंमत सगळ्यात चांगली येते. आत्याच्या इमारतीतच दुसऱ्या मजल्यावरचे दोन फ्लॅट समोरासमोर होते, एक रिकामा आणि एक असाच कपाटं-ट्रॉल्यांचा. फरक दोन हजार.

पलंग, सोफा, फ्रिज, वॉशिंग मशिनचं गणित वेगळं आहे. हे सामान महिन्याच्या भाड्यानेही मिळतं. म्हणून भाडेकरू त्यासाठी तेवढेच पैसे देईल, त्याहून जास्त नाही. तो आकडा म्हणजे वरची मर्यादा. खरा आकडा त्याच्याही खाली राहतो, कारण सामान कोणाला हवं आहे यावर तो ठरतो. एकटे नोकरी करणारे किंवा विद्यार्थी असतील तर पैसे देतात. कोथरूडच्या या भागात येणारी बरीच कुटुंबं मात्र स्वतःचं सामान घेऊन येतात. त्यांना आपला जुना सोफा अडचण वाटतो आणि ते तो काढून न्यायला सांगतात. शिवाय फ्रिज बिघडला की फोन मालकाला येतो. आत्या फ्रिज आणि पलंग घेऊन फुल्ली फर्निश्ड करण्याच्या विचारात होती, तो विचार आम्ही इथे सोडला.

सोयी

सोयींची यादी लांब असते, पण पैसे मिळतात ते रोज लागणाऱ्या गोष्टींचे: पाणी, पार्किंग, वीज गेल्यावरची सोय, सुरक्षितता. यांतल्या पाण्याकडे सगळ्यांत जास्त लक्ष द्या. दोन इमारती अगदी सारख्या असतील आणि एकीत उन्हाळ्यात टँकर मागवावे लागत असतील, तर ते भाडेकरूंना गल्लीतून कळतंच. वॉचमनला टाक्यांबद्दल आणि गुरुवारी पालिकेचं पाणी बंद असतं तेव्हा काय होतं, ते विचारा.

तिसऱ्या फ्लॅटच्या सोसायटीची किंमत काढायला आम्हाला एक उपयोगी जोडी सापडली. तिथला पहिल्या मजल्यावरचा आणि जुन्या इमारतीतला पहिल्या मजल्यावरचा, असे दोन जवळपास सारखे फ्लॅट. पहिल्या मजल्यावर लिफ्टला फारशी किंमत नसते. त्यामुळे त्या दोघांत जो दोन हजारांचा फरक निघाला तो जनरेटर, दिवसाचा वॉचमन आणि इमारतीच्या नवेपणाचा, सगळ्याचा मिळून. जिमचे वेगळे पैसे धरू नका. वेगळे धरता येतील अशी जोडीच सापडत नाही. कार पार्किंगचे आम्ही एक हजार धरले, कारण गल्लीत एक जण आपली मोकळी जागा तेवढ्यालाच शेजाऱ्याला देत होता.

आता बेरीज-वजाबाकी

पहिला फ्लॅट: २५,००० मधून मजल्याचे १,५०० वजा. २३,५००. दहा स्क्वेअर फुटांचा फरक सोडून दिला, तो भाडेकरूला जाणवत नाही.

दुसरा: २०,००० मध्ये कपाटं-ट्रॉल्यांचे २,००० आणि पार्किंगचे १,००० मिळवले. २३,०००. गच्चीखालच्या उष्णतेचं इथे काही करावं लागलं नाही, कारण तोही त्याच स्लॅबखाली आहे.

तिसरा: मेंटेनन्ससकट ३०,०००. लिफ्ट-मजल्याचे १,५०० आणि सोयी-नवेपणाचे २,००० वजा. वर पन्नास स्क्वेअर फूट जास्त जागेचे १,००० वजा. २५,५००. भाडं क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढत नाही. दोन्हीकडे बेडरूम दोनच आहेत, जादा जागा एका रुंद बाल्कनीत गेली आहे. म्हणून दर फुटाच्या हिशेबाने निघणारे दोन हजार आम्ही पूर्ण धरले नाहीत.

आता तिन्हींची सरासरी काढायची इच्छा होते. काढू नका. प्रत्येक आकड्यावर किती हात फिरवावा लागला आणि ते फरक कुठून आले, ते बघा. पहिल्यात एकच बदल आहे आणि तो खऱ्या जोडीतून आला. दुसऱ्यात दोन, पण इमारत तीच. तिसऱ्यात साडेचार हजार हलवावे लागले, त्यातले क्षेत्रफळाचे एक हजार तर आमचा अंदाज, आणि गच्चीखालचा ताप त्यात धरलेलाच नाही. म्हणून तिसऱ्याला फक्त वरची सीमा मानलं. उत्तर २३ ते २४ हजारांच्या मध्ये.

आकडा बाजारात

आत्या अजूनही २७ वर होती. तिच्यासमोर वर्षाचा हिशेब मांडला. २३,५०० ला लगेच गेला तर बारा महिन्यांचे २ लाख ८२ हजार. २७ हजारांचा माणूस दोन महिन्यांनी मिळाला तरी हातात दहा महिन्यांचे २ लाख ७० हजार, आणि त्या दोन महिन्यांचा मेंटेनन्स खिशातून. तिच्या आकड्याला दीड महिन्याच्या आत माणूस मिळाला तरच ती पुढे. तसा तो मिळेल असं त्या सहा आठवडे बंद असलेल्या फ्लॅटकडे बघून वाटत नव्हतं.

जाहिरातीत २४,५०० लिहिले आणि २३ च्या खाली जायचं नाही असं ठरवलं. कार्पेट एरिया, मजला, लिफ्ट नाही आणि मेंटेनन्स भाड्यात धरलेला आहे, हे चारही स्पष्ट लिहिलं, म्हणजे जिना बघून परत जाणारे कमी येतात.

पहिल्या दहा दिवसांत काय घडतं त्यावरून आकडा बरोबर आहे का ते कळतं. फोनच येत नसतील तर मागणी गल्लीच्या वर आहे. फोन येतात, लोक बघूनही जातात, पण परत कोणी बोलत नाही, तर आपण धरलेलं नाही असं काहीतरी घरात दिसतंय: ओल, अंधार, वास, बाथरूमची अवस्था. तिथे भाडं कमी करण्याआधी एक रंगाचा हात किंवा नळ दुरुस्त करणं स्वस्त पडतं. आणि पहिल्याच दिवशी तीन जण पूर्ण भाडं द्यायला तयार झाले तर आपण कमी मागितलं. हंगामही ध्यानात ठेवा. मे-जूनमध्ये शाळा-कॉलेजांमुळे घरं शोधणारे खूप असतात, आणि पितृपक्षात बरीच कुटुंबं घर बदलत नाहीत. त्या पंधरवड्यातल्या शांततेवरून लगेच भाडं उतरवू नये.

आत्याच्या फ्लॅटला पहिल्या आठवड्यात सात फोन आले, चौघांनी येऊन पाहिला. दोघांनी जिन्याचं कारण सांगितलं. एका तरुण जोडप्याने २३ म्हटलं, आत्याने २४, आणि २३,५०० ला ठरलं. स्लॅबचं आम्ही आधीच सांगितलं होतं, म्हणून त्यावर भाव झाला नाही. फक्त गच्चीवर उन्हाळ्याआधी पांढरा रंग लावून देण्याचं आत्याने कबूल केलं आणि ते करारात लिहिलं. आत्याने वहीत तारीख, भाडं, अनामत आणि फ्लॅट किती दिवस रिकामा होता, एवढं टिपून ठेवलं आहे. पुढच्या वर्षी खालच्या मजल्यावरचे काका फ्लॅट द्यायचं म्हणताहेत, त्यांना पहिला ठरलेला व्यवहार तिच्याकडूनच मिळेल.